लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या स्लाइड्स कशा वाचायच्या: एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि ९ व्होल्ट

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या वहिनींची मुलगी फराळाचं ताट द्यायला आली आणि जाता जाता फोन पुढे करून म्हणाली, "काका, एम-थ्रीच्या स्लाइड्स आल्यात ग्रुपवर. गणितं सुटतात माझी, पण आपण नेमकं काय करतोय तेच कळत नाही." मी बरीच वर्षं सांगलीत इलेक्ट्रिकल शिकवलं, त्यामुळे स्लाइड्स कशा असणार ते न बघताच माहीत होतं. पहिल्या स्लाइडवर व्याख्या, मग दोन पानं भरून टेबल, मग पंधरा सोडवलेली गणितं. डिफरन्शियल इक्वेशन डावीकडून आत जातं, उजवीकडून साधं बीजगणित बाहेर येतं आणि मधे फक्त एक बाण. त्या बाणाच्या आत काय होतं ते स्लाइडवर नसतं.

आम्ही विश्रामबागेतल्या घरी जेवणाच्या टेबलावर एकच सर्किट मांडलं आणि दोन संध्याकाळी त्याच एका सर्किटवर सगळ्या स्लाइड्स तपासल्या. त्याच क्रमाने इथे लिहितो. तुमच्याकडे असलेल्या स्लाइड्स शेजारी उघडून ठेवा. आकडे वेगळे असतील, पायऱ्या याच असतील.

आधी सर्किट, मग गणित

१० किलोओहमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टवाला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टवर लावलेला सप्लाय, मल्टिमीटर आणि फोनमधलं स्टॉपवॉच. सप्लायच्या प्लसपासून रेझिस्टर, त्यापुढे कपॅसिटर आणि तिथून परत मायनस. मल्टिमीटर कपॅसिटरच्या दोन पायांवर. कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला पट्टी असते तो पाय मायनसला जातो. उलटा लावला तर तापतो आणि फुटूही शकतो, तेव्हा ही एक गोष्ट दोनदा बघून घ्या.

हे आकडे मी मुद्दाम निवडले. रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सचा गुणाकार बरोबर १० सेकंद येतो, म्हणजे व्होल्टेज डोळ्यांदेखत सावकाश चढतं आणि लिहून घेता येतं. पुस्तकातल्या गणितात हाच गुणाकार बहुधा मायक्रोसेकंदात असतो, मग ते सर्किट कागदाबाहेर कधी दिसतच नाही.

आता समीकरण. सप्लायचे ९ व्होल्ट दोघांत वाटले जातात: काही रेझिस्टरवर, उरलेले कपॅसिटरवर. कपॅसिटरचं व्होल्टेज ज्या वेगाने बदलतं त्या वेगाला C ने गुणलं की करंट मिळतो आणि तोच करंट रेझिस्टरमधूनही जातो. म्हणून:

```
R·C·(dv/dt) + v = 9
10·(dv/dt) + v = 9
```

अडचण कुठे आहे ते इथेच बघून घ्या. आपल्याला v हवं आहे. पण v किती वेगाने वाढेल हे v आत्ता किती आहे त्यावर ठरतं, आणि v किती आहे हे तो आजवर किती वेगाने वाढला त्यावर. दोघं एकमेकांत अडकलेले आहेत. साध्या समीकरणात आपण x एका बाजूला घेतो आणि मोकळे होतो. इथे v एका बाजूला घेतला तरी त्याचा उतार दुसऱ्या बाजूला उरतोच.

व्याख्येची स्लाइड

```
F(s) = ∫₀^∞ f(t)·e^(−st) dt
```

ही स्लाइड पाहून मुलं घाबरतात आणि पुढे सरकवतात. तिला मी लॉग टेबलची आठवण करून दिली. अकरावी-बारावीला केमिस्ट्रीच्या गणितात मोठा गुणाकार आला की आपण दोन्ही आकड्यांचे लॉग बघायचो, त्यांची बेरीज करायचो आणि अँटिलॉग घ्यायचो. अवघड काम सोपं होईल अशा ठिकाणी जायचं, तिथे काम उरकायचं आणि परत यायचं. इथेही तेच आहे. फरक इतकाच की लॉग एका आकड्याचा असतो आणि ट्रान्सफॉर्म वेळेबरोबर बदलणाऱ्या सबंध आलेखाचा.

व्याख्या सांगते ती कृती अशी: आलेख घ्या, त्याला उतरत जाणाऱ्या e^(−st) ने गुणा, आणि खाली जे क्षेत्रफळ उरतं ते मोजा. s ला एक किंमत दिली की एक क्षेत्रफळ मिळतं. कायम ९ व्होल्ट असलेला सप्लाय घ्या. s = 1 धरलं तर क्षेत्रफळ ९ येतं. s = 0.1 धरलं तर गुणणारा आलेख फार सावकाश उतरतो, त्यामुळे क्षेत्रफळ ९० येतं. म्हणजे प्रत्येक s साठी उत्तर 9/s. टेबलमधली पहिली ओळ म्हणजे एवढंच.

दुसरी ओळ e^(−at) ची. त्याला e^(−st) ने गुणलं की घातांकांची बेरीज होते आणि उत्तर 1/(s+a) येतं. आपल्या सर्किटला टेबलमधल्या या दोनच ओळी लागतात. दोन पानं पाठ करण्याआधी या दोन ओळी स्वतःच्या हाताने इंटिग्रेट करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

इथे ती एकदा अडखळली आणि तशी बरीच जणं अडखळतात. पुढे `10s + 1` येतं तेव्हा तिने ते "दहा सेकंद अधिक एक" असं वाचलं. हा s म्हणजे सेकंद नव्हे. ती एक राशी आहे आणि तिचं एकक उलट "प्रति सेकंद" आहे, कारण st हा घातांक आहे आणि घातांकाला एकक चालत नाही. आपल्या RC चं एकक सेकंद, s चं प्रति सेकंद, म्हणून RCs हा निव्वळ आकडा. त्यात १ मिळवता येतो तो त्यामुळेच. तुमच्या उत्तरात कुठे `s + RC` दिसलं तर चूक वर झालेली आहे, पुढे जाऊ नका. तसंच V(s) चं एकक व्होल्ट नसून व्होल्ट-सेकंद आहे, कारण ते क्षेत्रफळ आहे. 9/s मध्येही तेच येतं. मात्र सप्लायच्या जागी नुसते 9 लिहिले तर एकक जुळत नाही. ही चूक मी पेपर तपासताना सर्वांत जास्त पाहिली आहे.

बाणाच्या आतली पायरी

सगळी करामत एका ओळीत आहे. स्लाइडवर ती टेबलमध्येच कुठेतरी दबलेली असते:

```
f'(t)  →  s·F(s) − f(0)
```

ही पाठ न करता एकदा बनवून बघा. f(t)·e^(−st) या गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह घ्या. गुणाकाराच्या नियमाने दोन तुकडे मिळतात:

```
d/dt [f·e^(−st)] = f'·e^(−st) − s·f·e^(−st)
```

आता दोन्ही बाजू शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेट करा. डावीकडे डेरिव्हेटिव्हचं इंटिग्रेशन आहे, म्हणून फक्त टोकांच्या किमती उरतात. अनंताला e^(−st) सगळं शून्यावर आणतं आणि सुरुवातीला f(0) असतो. म्हणून डावी बाजू −f(0). उजवीकडचा पहिला तुकडा म्हणजे f' चा ट्रान्सफॉर्म आणि दुसरा −s·F(s). इकडचं तिकडे केलं की नियम तयार.

आता त्याकडे नीट बघा. e^(−st) चा डेरिव्हेटिव्ह घेतला की तेच फंक्शन परत येतं, फक्त −s ने गुणलेलं. तो गुण आपण f ला देऊन टाकला. उतार काढण्याचं काम s ने गुणण्याचं काम झालं. आपल्या सर्किटमध्ये v आणि त्याचा उतार एकमेकांत अडकले होते. ट्रान्सफॉर्म घेतल्यावर एक V आणि दुसरा s·V, म्हणजे दोन्हींत तोच V. आता तो सामाईक काढता येतो.

आणि त्या −f(0) कडे दुर्लक्ष करू नका. बऱ्याच स्लाइड्सवर "इनिशियल कंडिशन शून्य" असं बारीक अक्षरात लिहून तो पुसून टाकतात आणि विद्यार्थ्याला वाटतं की नियम नुसता s·F(s) असाच आहे. स्विच टाकण्याआधी सर्किटने जे काही साठवलं, ते सगळं या एका पदात येतं. उताराच्या जागी गुणाकार या कल्पनेची मुळं सर्किटमध्ये रुजवणारा इंग्लंडचा ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) हा सुरुवातीला टेलिग्राफ ऑपरेटर होता. d/dt च्या जागी एक अक्षर लिहून तो ते सरळ आकड्यासारखं वापरायचा आणि सर्किट सुरुवातीला रिकामं आहे असं धरून चालायचा. सुरुवातीचा साठा असा आपोआप हिशोबात येणं ही लाप्लासच्या इंटिग्रलची देणगी आहे.

सर्किट सोडवू

समीकरणातल्या प्रत्येक पदाचा ट्रान्सफॉर्म घ्या. कपॅसिटर आधी पूर्ण रिकामा केला आहे, म्हणून v(0) = 0.

```
10·(s·V − 0) + V = 9/s
V·(10s + 1) = 9/s
V = 9 / [s·(10s + 1)] = 0.9 / [s·(s + 0.1)]
```

कॅल्क्युलस संपलं. दुसऱ्या ओळीत V सामाईक काढला, तो नववीतलाच सामाईक अवयव. शेवटच्या ओळीत वर-खाली १० ने भागलं, कारण टेबलमध्ये s + a असं रूप आहे, 10s + 1 असं नाही. इथे खालचं भागून वरच्या ९ ला विसरलं की उत्तर दहापट येतं.

आता परतीचा रस्ता. 0.9/[s(s+0.1)] टेबलमध्ये सरळ सापडणार नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे करू:

```
0.9 / [s·(s + 0.1)] = A/s + B/(s + 0.1)
```

A हवा असेल तर डावीकडच्या छेदातला s बोटाने झाका आणि उरलेल्यात s = 0 ठेवा: 0.9 भागिले 0.1, म्हणजे ९. B साठी s + 0.1 झाका आणि s = −0.1 ठेवा: 0.9 भागिले −0.1, म्हणजे −९. टेबलच्या त्याच दोन ओळी उलट वाचल्या की:

```
v(t) = 9 − 9·e^(−0.1t)
```

तिने इथे चांगला प्रश्न विचारला, "पण उलटं वाचायला चालतं कशावरून? दुसऱ्याच कुठल्या आलेखाचा ट्रान्सफॉर्म पण हाच असेल की!" नसतो. दोन वेगवेगळ्या सलग आलेखांचा ट्रान्सफॉर्म सारखा येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. अँटिलॉग बघताना आपण ज्या भरवशावर बघतो तोच हा भरवसा.

उत्तर आलं की वहीतच दोन ठिकाणी तपासा. t = 0 ला व्होल्टेज शून्य यायला हवं: ९ वजा ९, बरोबर. फार वेळाने ९ यायला हवं: दुसरं पद विरघळतं, बरोबर. हीच तपासणी परत न येता s मध्येसुद्धा होते. s·V मध्ये s शून्याकडे नेला की शेवटचं व्होल्टेज मिळतं, s खूप मोठा केला की सुरुवातीचं. यातली पहिली युक्ती आलेख शेवटी स्थिरावणार असेल तरच वापरा. नुसत्या इंडक्टर-कपॅसिटरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज हेलकावतच राहतं, तिथे ही युक्ती एक आकडा काढून देते आणि तो खोटा असतो.

मीटर काय म्हणतो

आमच्या सूत्राप्रमाणे १० सेकंदांनी ५.६९ व्होल्ट यायला हवे होते. वायर जोडली, तिने स्टॉपवॉच दाबलं. १० सेकंदांना मीटरवर ५.३ च्या आसपास. तिचा चेहरा पडला. पुन्हा केलं, तेच.

सूत्र चुकलं असतं तर आलेखाचा आकारच वेगळा आला असता. इथे आकार तोच होता, फक्त सगळं थोडं उशिरा होत होतं. ५.६९ व्होल्ट यायला साधारण ११.२ सेकंद लागत होते. रेझिस्टर मोजला तर ९.९ किलोओहम, म्हणजे खोट कपॅसिटरमध्ये. ११.२ भागिले ९.९ केलं की कपॅसिटर ११३० मायक्रोफॅरडच्या जवळ येतो. इलेक्ट्रोलायटिकवर १००० छापलेलं असलं तरी वीस टक्के इकडे-तिकडे चालतं असं गृहीत धरूनच तो विकतात. समीकरणात १० च्या जागी ११.२ घातलं की १० सेकंदांचं उत्तर ५.३१ येतं.

शेवटचा आकडाही ९ च्या किंचित खाली थांबू शकतो. कपॅसिटरमधून थोडा करंट गळत असतो आणि तो १० किलोओहममधून येतो. २० मायक्रोअँपियरची गळती असेल तर ०.२ व्होल्ट कमी दिसतील. जुना, बरेच दिवस पडून असलेला कपॅसिटर असेल तर हे जास्त जाणवतं.

आता f(0) शून्य नसेल तर

दुसऱ्या संध्याकाळी मुद्दाम कपॅसिटर पूर्ण रिकामा केला नाही. सप्लायचं टोक काढून रेझिस्टर मायनसला टेकवला, मीटर ३ व्होल्टवर आला की लगेच सोडवला आणि परत ९ व्होल्टला जोडला. हिशोब सोपा राहावा म्हणून इथे RC पुन्हा १० च धरतो:

```
10·(s·V − 3) + V = 9/s
V·(10s + 1) = 9/s + 30
V = (0.9 + 3s) / [s·(s + 0.1)]
```

झाकण्याची तीच पद्धत: A येतो ९. B साठी s = −0.1 ठेवल्यावर वर 0.9 − 0.3 = 0.6 उरतात, खाली −0.1, म्हणून −६.

```
v(t) = 9 − 6·e^(−0.1t)
```

सुरुवातीला ३, शेवटी ९. वेगळी पद्धत लागली नाही, आधी सुटं सोल्यूशन काढून मग कॉन्स्टंट शोधत बसावं लागलं नाही. ते ३ व्होल्ट दुसऱ्या ओळीत ३० होऊन सप्लायच्या शेजारी जाऊन बसले. सर्किटच्या नजरेने साठलेला चार्ज हाही एक सप्लायच आहे. वजा चिन्ह उजवीकडे येताना अधिक होतं, तिथे लक्ष ठेवा. ३० च्या जागी −३० झालं तर t = 0 ला −३ व्होल्ट येतात, म्हणजे ती t = 0 ची तपासणी ही चूक लगेच पकडते.

शेवटच्या स्लाइड्समध्ये बहुधा कपॅसिटरच्या जागी 1/(Cs) लिहिलेला डबा असतो आणि सगळं सर्किट रेझिस्टरचंच असल्यासारखं सोडवतात. तो याच हिशोबाचा शॉर्टकट आहे. आपल्या सर्किटला व्होल्टेज डिव्हायडर लावा, तेच 9/[s(10s+1)] येईल. पण त्या डब्याने f(0) शून्य धरलेला असतो. कपॅसिटरवर आधीचे ३ व्होल्ट असतील तर डब्याच्या जोडीला सिरीजमध्ये 3/s चा एक सप्लाय काढावा लागतो. तो काढला नाही तर ३ व्होल्टची सुरुवात कागदावरून गायबच होते.

बाण कुठे चालत नाही

निघताना तिने ड्रॉवरमधला लाल एलईडी उचलला आणि कपॅसिटरच्या दोन पायांवर लावला. "आता काका?" वायर जोडली. पहिले दोन सेकंद व्होल्टेज अगदी आमच्या सूत्राप्रमाणे चढलं, मग दीडच्या पुढे गेल्यावर मंदावलं आणि १.७ च्या आसपास अडकून राहिलं. एलईडी मिणमिणत होता. ९ व्होल्टकडे जाण्याचं नावच नाही.

मी तिला समीकरण लिहायला सांगितलं. डावीकडे एलईडीच्या करंटचं एक पद वाढलं, आणि तो करंट v च्या प्रमाणात नाही तर e^(v/…) सारखा वाढतो. तिने सवयीने प्रत्येक पदाखाली ट्रान्सफॉर्म लिहायला सुरुवात केली आणि त्या पदाशी येऊन पेन थांबलं. e च्या घातांकात v आहे, त्याचा ट्रान्सफॉर्म V मध्ये लिहिताच येत नाही. v² असता तरी आला नसता, कारण गुणाकाराचा ट्रान्सफॉर्म म्हणजे ट्रान्सफॉर्मचा गुणाकार नव्हे. V सामाईक निघत नाही आणि तिथेच बीजगणित थांबतं. एलईडी जवळजवळ बंद असेपर्यंत, म्हणजे त्या पहिल्या दोन सेकंदांपुरतं, जुनं सूत्र खरं. त्यापुढचा आलेख तिने मीटर बघून दर सेकंदाला एक असा बिंदू लावत वहीत काढला.